वहीच्या फोटोतलं गणित: उलटा त्रिकोण आणि गोल असलेलं लांब एस

प्रश्न: नांदेडला काकांच्या बी.एस्सी.च्या जुन्या वहीत हे समीकरण सापडलं. डावीकडे गोल असलेलं लांब एस, उजवीकडे तसेच दोन आणि उलटा त्रिकोण. त्यापुढची खूण पुसट आहे. ही चिन्हं कसली, गणिताची शाखा कोणती?

उत्तर: हे व्हेक्टर कॅल्क्युलसमधलं स्टोक्सचं प्रमेय आहे:

∮ F·dr = ∬ (∇×F)·n dS

मी हाच विषय शिकवते, त्यामुळे ही मांडणी लगेच ओळखू येते. लांब एस हे इंटिग्रलचं चिन्ह. त्यावरचा गोल सांगतो की बेरीज बंद वक्राभोवती फिरून घेतली आहे. जोडीने असलेले दोन म्हणजे बेरीज पृष्ठभागावर. उलटा त्रिकोण म्हणजे डेल, जागेनुसार होणारा बदल मोजणारं चिन्ह. टोक वर असतं तर तो डेल्टा झाला असता, यात मुलं नेहमी गोंधळतात.

पुसट खूण फुली आहे की टिंब, हे शाईवरून ठरवत बसू नका, इंटिग्रलची चिन्हं किती आहेत ते मोजा. डावीकडे वक्र आणि उजवीकडे पृष्ठभाग असेल तर तिथे फुलीच हवी. F हे व्हेक्टर क्षेत्र, म्हणजे प्रत्येक जागी दिशा आणि मोठेपणा असलेली राशी; ∇×F म्हणजे कर्ल, ते क्षेत्र त्या जागी किती भोवंडतं त्याचं माप. टिंब असतं तर एका बाजूला बंद पृष्ठभाग आणि दुसऱ्या बाजूला घनफळाचे तीन इंटिग्रल दिसले असते. ते गाउसचं डायव्हर्जन्स प्रमेय.

मात्र F च्या जागी विद्युत क्षेत्राचं E असेल आणि उजवीकडे ऋण चिन्हासह चुंबकीय क्षेत्राचा वेळेनुसार बदल दाखवणारं ∂B/∂t असेल, तर पान भौतिकशास्त्राचं आहे: फॅरडेचा नियम. ती अक्षरं फोटोत मोठी करून बघा.