रिव्ह्यू काढायचा, रोखायचा की ठेवायचा?

प्रश्न: दुकानदार म्हणतो, रिव्ह्यू खोटा आहे, काढा. लिहिणारा म्हणतो, खरा आहे. लेखी नियम हाताशी असूनही अशा वेळी निर्णय कसा घेता?

उत्तर: नाशिकमधील दुकाने आणि कारागीर यांची माहिती देणाऱ्या एका छोट्या संकेतस्थळावर मी हे काम पाहतो. दोघांपैकी खरे कोण बोलतो, हे आम्ही ठरवत नाही, कारण ते तपासण्याचे साधनच आमच्याकडे नाही. मजकुरातले प्रत्येक वाक्य वेगळे काढून ते कोणत्या नियमात बसते, एवढेच आम्ही पाहतो.

सिडकोतल्या एका वॉशिंग मशीन दुरुस्ती करणाऱ्याबद्दल आलेला रिव्ह्यू साधारण असा होता: ‘पंप बदलला म्हणून १८०० रुपये घेतले. दोन दिवसांत पुन्हा पाणी साचले. दुसऱ्या कारागिराने मशीन उघडले, तर पंप जुनाच होता. हा चोर आहे. याचे घर अमुक चौकात आहे, जाऊन जाब विचारा.’ पहिली तीन वाक्ये स्वतःच्या अनुभवाची असल्यामुळे दुकानदाराला ती कितीही झोंबली तरी राहतात. घराचा पत्ता मात्र लगेच काढावा लागतो, तिथे चर्चेला जागाच नाही. अडचण ‘चोर’ या शब्दाची होते. आमचा नियम असा आहे की गुन्ह्याचा आरोप नुसता केला असेल तर तो रोखायचा. पण आरोपामागची घटना सांगितली असेल, तर घटना ठेवून आरोपाचा शब्द बदलण्यास लेखकाला सांगायचे. आम्ही स्वतः एक अक्षरही बदलत नाही, कारण नंतर ‘हे मी लिहिलेच नव्हते’ असे लेखक म्हणाला तर आमच्यापाशी उत्तर उरत नाही.

म्हणून हा रिव्ह्यू तात्पुरता झाकून, नियमाचा क्रमांक देऊन आम्ही तो लेखकाकडे परत पाठवला आणि बिलाचा फोटो मागितला. बिल आले, पण त्यावरून व्यवहार झाला एवढेच सिद्ध होते. पंप बदलला की नाही, हे नव्हे. सुधारलेला मजकूर आल्यावर आम्ही तो प्रसिद्ध केला आणि दुकानदाराला त्याखाली आपली बाजू मांडू दिली. रिव्ह्यू झाकलेला असताना त्याचे तारे सरासरीत धरले जात नाहीत, अन्यथा न दिसणाऱ्या मजकुराने दुकानाचे मानांकन खाली आले असते.

दुकानदाराच्या तक्रारीचाही एक नियम आहे: ‘खोटा आहे’ एवढे पुरत नाही, मजकुरातले कोणते वाक्य कोणत्या नियमाविरुद्ध आहे हे त्याने दाखवायचे. बहुतेक तक्रारी इथेच गळतात. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढले आहे. नियमावली लिहिताना ते वाचून घ्या. निर्णयाची नोंद करताना मूळ मजकूर, तारीख, नियमाचा क्रमांक आणि एका ओळीचे कारण ठेवा, आणि फेरविचाराचा अर्ज आला तर पहिला निर्णय घेणाऱ्याऐवजी दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्या.