VT म्हणजे ‘व्हाइसरॉय’ नव्हे

“आपल्या विमानांवर मागच्या बाजूला VT- असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ कोणी ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ सांगतं, कोणी ‘व्हिक्टोरियन टेरिटरी’. खरं काय? शिवाय मागे मुंबईहून इस्तंबूलला गेलो तेव्हा विमान भारतीय कंपनीचं होतं, पण त्यावर TC- होतं. मग ते विमान कोणत्या देशाचं?”

दोन्ही विग्रह चुकीचे आहेत, कारण VT हा कशाचाच संक्षेप नाही. तरी हा समज आपल्याकडे इतका पक्का का बसला, ते समजण्यासारखं आहे. रस्त्यावर आपण MH-12 वाचतो आणि MH म्हणजे महाराष्ट्र हे बरोबरच असतं. त्यात मुंबईकराच्या तोंडी बोरीबंदरचं स्टेशन कित्येक पिढ्या ‘व्हीटी’ होतं आणि तिथे V ही खरोखरच व्हिक्टोरिया होती. तीच सवय विमानावरही लागू केली गेली. पण विमानावरच्या अक्षरांची जात गाडीच्या पाटीची नाही, ती फोनच्या कोडची आहे. ९१ हा आकडा भारताचा आहे, पण ९१ मध्ये ‘भारत’ शोधून सापडत नाही. VT तसंच आहे.

म्हणूनच मला त्याला ‘आद्याक्षरं’ म्हणणं पटत नाही. ‘उपसर्ग’ म्हणतात, पण प्र, परा, अप हे आपले उपसर्ग शब्दाचा अर्थ फिरवतात, आणि इथे तसं काही होत नाही. सरळ ‘राष्ट्रीयत्वचिन्ह’ म्हणावं, आणि रेघेनंतरच्या अक्षरांना ‘नोंदणीचिन्ह’.

ही अक्षरं आली बिनतारी संदेशांतून. विमानं फारशी नव्हती तेव्हाही जहाजांवर आणि किनाऱ्यांवर बिनतारी केंद्रं होती. प्रत्येक केंद्राला हाक मारायला वेगळं नाव हवं होतं, आणि दोन देशांची नावं एक झाली तर घोटाळा. म्हणून देशांनी मिळून रोमन अक्षरांचे गट वाटून घेतले. V या अक्षराचा मोठा भाग ब्रिटिश साम्राज्याकडे गेला आणि तिथे तो पुढे वर्णक्रमाने विभागला गेला: VA पासून कॅनडा, VH पासून ऑस्ट्रेलिया, VO न्यूफाउंडलंड, VP पासून इतर वसाहती आणि VT ते VW हिंदुस्थान. या रांगेत T ला ‘टेरिटरी’ म्हणायचं तर ऑस्ट्रेलियाच्या H ला काय म्हणायचं? ती फक्त रांगेतली जागा आहे.

याचा पुरावा आपल्याच घरात आहे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राची जुनी खूण VUB होती, दिल्लीची VUD. मुंबई बंदराजवळून जहाजांशी बोलणारं किनारी केंद्र VWB. शेवटचा B मुंबईच्या जुन्या नावाचा, D दिल्लीचा. आजही भारतातल्या हौशी रेडिओवाल्यांच्या खुणा VU ने सुरू होतात. VT जर व्हाइसरॉयचा मुलूख असेल, तर VU आणि VW कोणाचे? ही भावंडं शेजारी ठेवली की तो विग्रह उभाच राहत नाही.

मात्र साम्राज्याचा संबंध अजिबात नाही असंही म्हणता येणार नाही. V आपल्या वाट्याला आला तो ब्रिटिशांच्या वाट्यातून, हे खरं आहे. विमानांच्या बाबतीत तर सुरुवात याहूनही पारतंत्र्याची होती. १९१९ च्या पॅरिस करारानंतर सगळ्या साम्राज्याला मिळून G हे एकच अक्षर होतं आणि हिंदुस्थानातली विमानं G-I अशी सुरू होत. १९२७ मध्ये वॉशिंग्टनला बिनतारी परिषद झाली. तिच्या वाटपाला धरून विमानांच्या खुणा बदलल्या आणि १९२९ पासून आपल्याकडे VT आलं. म्हणजे ज्या खुणेला गुलामीची म्हणतात, त्याच खुणेने हिंदुस्थानची विमानं ब्रिटनच्या G मधून बाहेर काढली.

यातलं एक विमान नजरेसमोर आणा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते एका इंजिनाचं छोटं पस मॉथ. त्याची खूण VT-ADN. VT देशाचं, ADN त्या एका विमानाचं. रेघ काढून टाकली की पाच अक्षरांची रेडिओवरची हाक तयार: व्हिक्टर, टँगो, अल्फा, डेल्टा, नोव्हेंबर. (हे उच्चार आजचे, १९३२ चे नव्हेत.) प्रवासी कंपन्या आता हाकेसाठी उड्डाणाचा क्रमांक वापरतात, पण शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं अजूनही अशी नोंदणीची अक्षरं उच्चारूनच बोलतात.

मग बदलून IN किंवा BH का घेत नाही? संसदेतही हा मुद्दा मांडला गेला आहे. अडचण अशी की आंतरराष्ट्रीय नियमानुसार देशाने आपलं चिन्ह आपल्याच रेडिओगटातून निवडायचं असतं. I ने सुरू होणारा सगळा गट इटलीचा, B चा चीनचा, आणि ‘हिंदुस्थान’साठी HI म्हणावं तर ते डोमिनिकन रिपब्लिककडे आहे. भारताकडे VT ते VW, AT ते AW आणि 8T ते 8Y एवढंच आहे. यातलं दुसरं काही घेतलं तरी त्यात ‘भारत’ दिसणार नाही, आणि प्रत्येक विमानावरची अक्षरं, प्रत्येक कागद मात्र बदलावा लागेल. माझ्या मते तो खटाटोप करण्यासारखा नाही.

अक्षरांवरून देश ताडायला गेलं की फसायला होतं, ते असं. PK- पाहून पाकिस्तान वाटतं, पण ते इंडोनेशियाचं. पाकिस्तानचं AP-, जे आपल्याला आंध्र वाटेल. फ्रान्सचं F आणि जपानचं JA जुळतात म्हणून आपला समज वाढतो, अमेरिकेच्या N ला मात्र काहीच जुळत नाही.

तुमचं TC- तुर्कस्तानचं. त्यांच्या गटात TA, TB, TC आहेत, आणि त्यांच्या भाषेत ‘तुर्की प्रजासत्ताक’ या नावाची आद्याक्षरंही T आणि C, म्हणजे इथे जुळलं आहे. पण विमानावर रंग भारतीय कंपनीचे असूनही TC- का? कारण ती अक्षरं मालकी किंवा कंपनी सांगतच नाहीत. विमानाची नोंद कुठल्या देशाच्या वहीत आहे, एवढंच सांगतात, आणि एका वेळी ती एकाच देशाच्या वहीत असू शकते. कंपन्या कधी विमान वैमानिकांसकट भाड्याने घेतात, तेव्हा नोंद मूळ देशातच राहते. तुमचं विमान बहुधा तसंच होतं. वैमानिकांशिवाय नुसतं विमान लांब मुदतीने घेतलं तर जुनी नोंद रद्द करून नवी करतात, आणि तेच विमान TC- किंवा आयर्लंडच्या EI- ऐवजी VT- लावून उडू लागतं.

नोंदीचा देश नुसता नावाला नसतो. विमान उडण्यालायक असल्याचा दाखला तोच देश देतो. रशियातल्या कंपन्यांची शेकडो विमानं बर्म्युडाच्या वहीत होती, VP-B आणि VQ-B या खुणांनी. युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२ मध्ये बर्म्युडाने त्यांचे दाखले स्थगित केले. त्यानंतर त्यांतली बरीच विमानं रशियाने स्वतःच्या वहीत घेतली आणि त्यांच्यावर RA- रंगवलं.