सोनेरी फॉइलचं दिवाळी कार्ड: प्रेसला फाइल देण्याआधी काय तपासावं?

प्रश्न: ठाण्यातल्या आमच्या छोट्या कंपनीसाठी दिवाळीचं शुभेच्छापत्र मीच डिझाइन केलंय. घडीचं, मिटल्यावर ५ × ७ इंच, ४०० प्रती, ३०० जीएसएम आर्ट कार्ड. बाहेर गडद मरून छपाई आणि मॅट लॅमिनेशन, त्यावर सोनेरी फॉइलमध्ये बारीक रांगोळी, मधे भरीव पणती (ज्योत केशरी छापलेली), खाली ११ पॉइंटमध्ये 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' आणि कडेपासून २ मिमीवर सोनेरी चौकट. आत क्रीम रंगावर ९ पॉइंटचा संदेश, तोही फॉइलमध्ये. स्क्रीनवर अप्रतिम दिसतंय. प्रेसमध्ये काय बिघडू शकतं?

उत्तर:

मी तुर्भ्याला एका प्रेसमध्ये प्री-प्रेसचं काम पाहते आणि सप्टेंबरपासून माझ्या टेबलावर बहुतेक अशाच फायली असतात. तुम्ही दिलेल्या तपशिलावरून सांगायचं तर रंगसंगती चांगली आहे, लॅमिनेशनचा निर्णयही बरोबर आहे. आतला संदेश आणि रांगोळी या दोन गोष्टी मात्र आहेत तशा पाठवू नका.

आधी संदेश. स्क्रीनवरचं सोनेरी म्हणजे एक ठरलेला पिवळट रंग. फॉइल तसा नसतो. तो ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यावरच्या पिवळ्या लॅकरमुळे सोनेरी दिसतो. म्हणजे तुम्ही कागदावर आरसा चिकटवताय. समोर ट्यूबलाइट आली की तो जवळजवळ पांढरा होतो, कार्ड थोडं कललं की काळपट तपकिरी. क्रीमवर तो उजळला की अक्षरं पार्श्वभूमीत विरघळतात. मरूनवर उलटं, तो काळवंडला की अक्षरं बुडतात. म्हणून स्क्रीनवर मोजलेला कॉन्ट्रास्ट इथे कामाचा नाही. त्याऐवजी फाइलची एक प्रत घ्या, फॉइलचे सगळे भाग एकदा १५ टक्के काळ्याने आणि एकदा ८० टक्के काळ्याने भरा आणि दोन्हींच्या प्रिंट काढा. जे दोन्ही प्रिंटमध्ये वाचता येतं ते फॉइलमध्ये निर्धास्त ठेवा. एकातच दिसतं ते मोठं आणि थोडक्या शब्दांचं असेल तर चालतं, कारण माणूस कार्ड हातात घेऊन हलवतोच आणि ती चमक त्यासाठीच तर असते. पण ९ पॉइंटचा पाच-सहा ओळींचा संदेश वाचताना कोणी प्रत्येक ओळीला कार्ड कलवत बसणार नाही. तो मरून शाईत छापा, बाहेरचाच रंग आत येईल आणि छानही दिसेल. आतल्या फॉइलसाठी लागणारा वेगळा ब्लॉक आणि मशीनवरचा दुसरा फेरा, दोन्हींचा खर्चही वाचेल.

आता रांगोळी. हॉट फॉइलिंगमध्ये धातूचा तापलेला ब्लॉक फॉइलवरून कागदावर दाबला जातो. उष्णतेने फॉइलखालचा चिकट थर वितळतो, उठावदार भागाखालचा फॉइल कागदाला धरतो आणि बाकीचा त्याला धरून असलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीबरोबर निघून जातो. हे 'निघून जाणं' नेमकं कडेवर व्हावं लागतं. रेघ फार बारीक असेल तर फॉइल धरत नाही, तुटक येतो. दोन रेघांमधली फट फार अरुंद असेल तर मधला फॉइल सुटतच नाही आणि फट भरून जाते. आमच्याकडे मॅट लॅमिनेशनवर मी रेघ किमान ०.३ मिमी आणि फट किमान ०.५ मिमी धरते. चांगला ऑपरेटर याच्या थोडं खाली जाऊ शकतो, पण ४०० प्रतींतली प्रत्येक सारखी हवी असेल तर त्या भरवशावर डिझाइन करू नका. टेक्स्चर कागद असता तर मी दोन्ही आकडे वाढवायला सांगितलं असतं.

डोळ्यांनी हे कळत नाही, कारण स्क्रीनवर आपण झूम करून बसलेलो असतो. एक साधी चाचणी आहे. फॉइलचं सगळं आर्टवर्क कर्व्हमध्ये बदला, रेघांचेही भरीव आकार करा, मग कोरलड्रॉमध्ये Weld किंवा इलस्ट्रेटरमध्ये Unite करून एकसंध करा. आकार काळा, पार्श्वभूमी पांढरी. आता त्याला ०.३ मिमी जाडीची पांढरी आउटलाइन द्या. आउटलाइन कडेच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पसरते, त्यामुळे ०.३ मिमीपेक्षा बारीक असलेलं सगळं गायब होतं. जे गायब झालं ते छापूनही नीट येणार नाही. मग पांढरी काढून ०.५ मिमीची काळी आउटलाइन द्या. जिथे दोन रेघा एकमेकींना चिकटल्या तिथे ब्लॉकमध्येही फट भरणार. एकसंध करायला विसरलात तर एकमेकांवर चढलेल्या आकारांच्या जोडांवरही पांढऱ्या रेघा दिसतील आणि उगाच घाबराल.

तुमच्या रांगोळीत एक कडं ६ मिमी रुंद आहे आणि त्यात १२ समांतर रेघा आहेत असं धरू. सहसा असंच असतं, कारण मूळ रांगोळी ए४ आकारात काढलेली असते आणि कार्डासाठी लहान केली जाते. १२ रेघा ०.३ मिमीच्या केल्या तर ३.६ मिमी त्यांतच गेले. उरलेल्या २.४ मिमीत ११ फटी, म्हणजे प्रत्येकी जेमतेम ०.२ मिमी. छापल्यावर ते कडं नसेल, सोन्याचा डागाळलेला पट्टा असेल. म्हणूनच सगळ्या रेघा सरसकट जाड करणं हा उपाय नव्हे. त्याने तुटक रेघा सुधारतात आणि फटी बंद होतात. रेघा कमी कराव्या लागतात. हिशेबाने ६ मिमीत ८ रेघा आणि ७ फटी जेमतेम बसतात, मी ७ रेघा ठेवीन. रांगोळी पुन्हा काढायला लागेल, पण कार्डाच्या आकारात काढलेली रांगोळी लहान केलेल्या रांगोळीपेक्षा नेहमीच नेटकी दिसते. मोह आवरत नसेल तर अतिबारीक नक्षी मरूनच्या थोड्या उजळ छटेत छापा आणि मुख्य रेघाच फॉइलमध्ये घ्या. ही जोडी मला स्वतःला पूर्ण फॉइलपेक्षा जास्त आवडते.

शुभेच्छांच्या ओळीलाही हीच चाचणी लावा. देवनागरीत अक्षर कुठे बुजेल ते आधीच सांगता येतं: 'शु'चा उकार जिथे दांड्याला मिळतो ती जागा, 'भे'ची छोटी गाठ, 'च्छा'मधली पोकळी आणि 'र्दि'वर वेलांटी आणि रफार एकमेकांना खेटतात ती जागा. जाड-बारीक रेघांचा सुलेखनाचा फॉन्ट असेल तर ११ पॉइंटला त्याची बारीक रेघ ०.१ मिमीच्या आसपास जाते, म्हणजे गेलीच. सारख्या जाडीचा फॉन्ट घ्या, मुक्ताचा सेमीबोल्ड चालेल. आकार २० पॉइंटच्या पुढे न्या आणि ओळ दोन ओळींत तोडा.

पणतीची अडचण वेगळी आहे. भरीव भागाला जास्त उष्णता आणि दाब लागतो, बारीक रेघांना कमी. दोन्ही एकाच ब्लॉकवर असले की ऑपरेटर पणती सलग येईपर्यंत दाब वाढवतो आणि तोवर रांगोळीच्या फटी भरतात. शिवाय मोठ्या भरीव भागाखाली हवा अडकून डाग राहू शकतात. पणती नुसत्या जाड रेघेची करा किंवा तिच्या पोटात रुंद नक्षी कापून भरीवपणा तोडा. तशीच हवी असेल तर तिचा ब्लॉक वेगळा करून घ्या.

केशरी ज्योत फॉइलच्या रेघेला अगदी टेकवलेली असेल तर तिथे जुळणी चुकणारच. यात केवळ मशीनचा दोष नसतो. मॅग्नेशियमचा ब्लॉक खोलीच्या तापमानापासून १२० अंशांच्या आसपास तापला की १५० मिमी लांबीत सुमारे ०.३५ मिमी वाढतो. त्यात कागदाची सरक मिळवा. म्हणून ज्योत आणि फॉइलमध्ये १ मिमी मोकळी जागा सोडा, नाहीतर ज्योत पूर्ण छापून फॉइलची रेघ तिच्यावर रुंद चढू द्या.

चौकट २ मिमीवर नको. कटिंगमध्ये १ मिमी सरकलं तर एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ३ मिमी उरतं, आणि चमकत्या रेघेमुळे ते लगेच डोळ्यांत भरतं. ती ६ मिमी आत घ्या. घडीपासूनही फॉइल किमान ५ मिमी दूर हवा, क्रिजिंगवर तो तडकतो.

प्रेसला काम देताना क्रम विचारा: छपाई, शाई पूर्ण वाळणं, लॅमिनेशन, मग फॉइलिंग, शेवटी क्रिजिंग आणि कटिंग. गडद मरूनमध्ये शाईचा थर जाड असतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो सावकाश वाळतो. ओल्या शाईवर घाईने लॅमिनेशन केलं की फॉइलच्या उष्णतेने खाली फुगे येतात. वागळे इस्टेटमध्ये काय किंवा आमच्याकडे काय, दिवाळीच्या तोंडावर हाच वाळण्याचा वेळ सगळ्यात आधी कापला जातो, म्हणून छपाई आणि फॉइलिंगमध्ये दोन दिवस हवेत हे तारीख ठरवतानाच सांगा. लॅमिनेशन कुठलं आहे तेही फॉइलिंगवाल्याला कळवा, त्यावर धरणारा फॉइल निवडावा लागतो.

फाइलमध्ये फॉइलचा थर वेगळ्या पानावर, १०० टक्के काळ्यात, व्हेक्टरमध्ये द्या. ग्रेडियंट, सावली, टक्केवारीची छटा काहीच नको. ब्लॉकला फक्त 'आहे' किंवा 'नाही' कळतं.

नमुना मागाल तेव्हा तो तुमच्याच छापलेल्या, लॅमिनेट केलेल्या कागदावर आणि खऱ्या ब्लॉकने काढलेला मागा. कोऱ्या पांढऱ्या कार्डावरचा नमुना किंवा टोनरवर चिकटवलेला डिजिटल फॉइल पाहून मंजुरी देऊ नका, त्यांच्या मर्यादा वेगळ्या असतात. नमुना हातात आला की भिंगातून आधी 'च्छा' आणि रांगोळीचं सगळ्यात दाट कडं पाहा. फटी भरल्या असतील तर दाब किंवा उष्णता जास्त आहे, रेघा तुटक असतील तर कमी. मग सेलोटेप चिकटवून हळू ओढा. टेपवर सोनं आलं तर फॉइल धरलेला नाही, आणि ते ४०० प्रती निघण्याआधी कळायला हवं. सगळं ठीक असेल तर त्या नमुन्यावर सही करून एक प्रत प्रेसकडे ठेवा, एक तुमच्याकडे.