सिमेंटच्या भट्टीत इंधन अगदी पूर्ण जळलं, तरी इतका कार्बन डायऑक्साइड का निघतो?

कारण त्यातला निम्म्याहून जास्त वायू इंधनातून येतच नाही, तो दगडातून येतो. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. साधारण ९०० अंश सेल्सिअसला त्याचं विघटन होतं:

CaCO₃ → CaO + CO₂

या समीकरणात हवेतला ऑक्सिजन कुठेच लागत नाही, म्हणजे हे ज्वलनच नव्हे. म्हणून बर्नर कितीही सुधारला तरी इथे काही फरक पडत नाही. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो वायू उडून जातो.

आता क्लिंकरचा, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या आणि दळून सिमेंट होणाऱ्या गोळ्यांचा, हिशेब करू. एक टन क्लिंकरमध्ये सुमारे ६५० किलो CaO असतो. तो सगळा चुनखडीतून आला असं धरलं, तर ६५० × ४४ ÷ ५६, म्हणजे जवळपास ५१० किलो CO₂ झाला. इंधनाचा वेगळा. भट्टी उद्या पूर्णपणे सौरविजेवर तापवली तरी हे ५१० किलो निघणारच, आणि मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

हा आकडा घटवायचा तर सिमेंटमध्ये क्लिंकरच कमी घालावं लागतं (फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग मिसळून), नाहीतर निघालेला वायू धुराड्याआधीच पकडावा लागतो.