मोठ्या फोनवर एका अंगठ्यानं टायपिंग

दादा, सगळ्यात आधी एक सांगतो, बटणांची उंची कमी करायच्या मागं लागू नको. नवीन लोक सगळे तिथंच चुकतात, उंची कमी केली की बटणं चपटी होतात, पण लांबचं बटण आहे तिथंच राहतं, अंगठा काय तिथवर जात नाही. तुला अख्ख्या कीबोर्डची रुंदी कमी करायचीय.

फोनमधी गूगलचा कीबोर्ड, म्हणजे जीबोर्ड असेल तर:
- स्वल्पविरामाचं बटण दाबून धर, हाताचं चिन्ह येईल, बोट तसंच सरकवून त्यावर सोड. कीबोर्ड एका कडेला येतो.
- डावखुरा असशील तर बाजूचा बाण दाब, कीबोर्ड त्या बाजूला जातो.
- तिथंच आकार बदलायचं चिन्ह आहे, त्यानं कडा ओढून अंगठा पोचेल एवढाच ठेव.

आता आपल्याकडचं खरं दुखणं म्हणजे मराठी आणि कन्नड दोन्ही लागतात, आणि देवनागरी लेआउटमधी एका ओळीत बटणं जास्त, त्यामुळं अरुंद केलं की "क" दाबताना शेजारचं अक्षर पडतं. असं व्हायला लागलं तर उंची उलट थोडी वाढव, नाहीतर इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायचा लेआउट घे, त्यात बटणं मोठी पडतात. खानापूरच्या बसमधी एका हातानं दांडा धरून मी तोच वापरतो.

बाकी सेटिंग्जना सध्या हात लावू नको.