मागची गाडी शेवटच्या लॅपला कशी गाठते?

"सांगलीत मित्राकडे रेसिंग गेम खेळतो. एकही चूक न करता पुढे असलो तरी मागची गाडी शेवटी गाठतेच. असं का?"

कारण ती गाडी तुमच्यातलं अंतर बघून वेग बदलते. याला रबर-बँडिंग म्हणतात. समजा तिचा मूळ वेग २०० आहे. तुम्ही लांब गेलात की गेम तो २१५ करतो, मागे पडलात की १९०. त्यामुळे पहिल्या लॅपची आघाडी टिकत नाही. खात्री करायचीय? सुरुवातीला मुद्दाम ५ सेकंद थांबा आणि त्याच गाडीची लॅपची वेळ बघा, वाढलेली दिसेल.

ड्रिफ्टचं गणित वेगळं. यवतेश्वर घाटात खरी गाडी घसरली तर वेग जातो. अशा अनेक गेममध्ये मात्र ड्रिफ्ट धरून ठेवला की बूस्ट भरतो. मी तो शेवटच्या वळणासाठी राखतो, कारण त्यानंतर मागच्या गाडीला अंतर भरून काढायला रस्ताच उरत नाही.