अकरा महिन्यांचा करार आणि बारा महिन्यांचे हप्ते

प्रश्न: "माझ्या हातात २७,००० रुपये पगार येतो, तोही ७ तारखेला. भांडुपला वन आरके भाड्याने घेतले आहे, भाडे ११,५००. घरी २,००० पाठवते, माझा खर्च ७,०००. बँकेत २०,००० आहेत. दुकानदार पलंग, कपाट, सोफा आणि फ्रिज शून्य व्याजाने ५,५०० रुपयांच्या १२ हप्त्यांत देतो आहे, हप्ता ५ तारखेला. रोख घेतल्यास ६१,००० म्हणतो. घेऊ का?"

हा संच हप्त्यांवर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हप्त्यांची बेरीज ६६,००० होते. रोखीची जी ५,००० रुपयांची सूट तुम्ही सोडता, तेच या कर्जाचे व्याज आहे. त्यावर बहुतेक ठिकाणी प्रोसेसिंग फी असते. ती ९९९ रुपये धरली तरी १८ टक्के जीएसटीसह सुमारे १,१८० रुपये सुरुवातीलाच जातात. वरचे ६,१८० रुपये म्हणजे दहा टक्के, असे वाटते. परंतु दर महिन्याला मुद्दल फिटत जात असल्याने वर्षभरात सरासरी निम्म्याच्या आसपासच रक्कम तुमच्याकडे वापरायला असते, आणि म्हणून खरा वार्षिक दर १८ टक्क्यांच्या पुढे जातो. शून्य टक्के व्याजाच्या योजनांबाबत रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना ताकीद दिली होती. आता कर्ज देणाऱ्याने 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणे बंधनकारक आहे व त्यात वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद सहीपूर्वी मागून घ्यावा. मात्र सोडलेली रोखीची सूट त्यात दिसेलच असे नाही, ती आपणच मोजावी लागते.

दराहून मला अधिक काळजी वाटते ती तारखांची. हप्ता गेल्यावर तुमच्याकडे महिन्याला १,००० रुपये उरतात आणि हप्ता पगाराच्या दोन दिवस आधी कापला जातो. एखाद्या महिन्यात दवाखाना निघाला किंवा गावी जावे लागले, तर ५ तारखेला खात्यात पैसे नसतील. मग कर्ज देणारी कंपनी दंड लावते, तुमची बँकही वेगळे शुल्क घेते, आणि थकलेल्या हप्त्याची नोंद क्रेडिट अहवालात राहते.

दुसरी तारीख कराराची. मुंबईतले लिव्ह अँड लायसन्सचे करार बहुधा ११ महिन्यांचे असतात. मालकाने नूतनीकरण केले नाही, तर शेवटचा हप्ता फिटायच्या आधीच तुम्हाला टेम्पो आणि हमाल शोधावे लागतील. संचातले कपाट बहुधा पार्टिकल बोर्डचे असते. एकदा खोलून पुन्हा जोडले की त्याचे स्क्रू पकड सोडतात, आणि पावसाळ्यात लादी पुसताना पाणी लागले की खालची कड फुगून पापुद्रे सुटतात. पहिल्या भाड्याच्या घरासाठी इतके नाजूक सामान घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

त्याऐवजी २०,००० पैकी १२,००० ना हात लावू नका. ते एका महिन्याचे भाडेच आहे असे समजा. उरलेल्या ८,००० मधून चांगली नवी गादी, इंडक्शन शेगडी आणि लागतील तेवढी भांडी घ्यावीत. गादी जमिनीवर चालते. पंखा आणि दिवे मालकाचे आहेत का, हे करारात पाहून घ्यावे. पुढे दर महिन्याला, पगार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४,००० रुपये वेगळ्या खात्यात टाकावेत. ज्या महिन्यात जमणार नाही त्या महिन्यात थांबता येते, आणि हप्त्यात नेमकी हीच सोय नसते.

पहिली मोठी खरेदी लोखंडी कपाटाची असावी, आणि ते जुने घ्यायला हरकत नाही. जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात अशी कपाटे मिळतात. तळाचा पत्रा हाताने दाबून पाहावा. गंजून पातळ झालेला पत्रा लगेच आत जातो. कुलूप दोन-तीनदा फिरवावे, दार आपोआप उघडत नाही ना ते पाहावे, आणि भाव ठरवताना टेम्पोभाडे व हमाली धरूनच बोलावे. सोफा आणि गादी मात्र कधीही जुनी घेऊ नका, कारण ढेकूण शिवणीत लपलेले असतात, दुकानात दिसत नाहीत, आणि एकदा घरात शिरले की औषधफवारणीचा खर्च सोफ्याच्या भावापेक्षा जास्त होऊ शकतो. सोफा या वर्षी नसला तरी चालेल.

फ्रिजपुरता मी अपवाद करीन. रोजचे बाहेरचे जेवण त्याने कमी होत असेल, तर लहान सिंगल-डोअर फ्रिज नवा, वॉरंटीसह घ्यावा. सहा महिन्यांत फिटेल एवढेच कर्ज, २,५०० च्या आतला हप्ता आणि कापण्याची तारीख १० किंवा त्यानंतरची, या तीनही अटी मान्य होत असतील तरच तो हप्त्यांवर घ्यावा. त्या सहा महिन्यांत खात्यात टाकायची रक्कम ४,००० ऐवजी १,५०० करावी.